अठरा स्लाइडचा एक फोन

समजा, भोसरी-चाकणच्या कारखान्यांना छतावरचं सोलर विकणाऱ्या एका कंपनीकडे 18 स्लाइडचं प्रेझेंटेशन आहे. पहिल्या चार स्लाइडवर कंपनीचा इतिहास, संचालकांचे फोटो, ग्राहकांचे लोगो. वीजबिलाचा विषय निघतो थेट सातव्या स्लाइडवर. मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत हे खपून जातं. फोन उचलणारा मालक मात्र मशीनच्या आवाजात उभा असतो आणि त्याने तुमचं नावही ऐकलेलं नसतं.

म्हणून स्क्रिप्ट सातव्या स्लाइडपासून सुरू होते. त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: या फोनवर मागायचं काय? लाखोंचं सोलर फोनवर विकलं जात नाही. मागायची ती छत पाहायला वीस मिनिटांची वेळ.

सुरुवात अशी: "नमस्कार साहेब, मी अमुक कंपनीतून बोलतोय. आपली ओळख नाही. कारखान्याच्या वीजबिलाबद्दल एक मिनिट बोलू का?" ओळख नसल्याचं आधीच सांगितलं की समोरच्याचा संशय थोडा निवळतो.

पुढे मुद्दे दोनच. डेकमध्ये पॅनेलची कार्यक्षमता, इन्व्हर्टरचा ब्रँड, वॉरंटी असं बरंच असतं. पण मालकाला आकडा हवा असतो आणि तो स्लाइडवर तयार मिळत नाही, मांडावा लागतो. एक किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं. 100 किलोवॉटला सुमारे दहा हजार चौरस फूट छत लागतं आणि महिन्याला 12,000 युनिट मिळतात. युनिटला 9 रुपये धरले, तर एक लाख आठ हजार. फोनवर म्हणायचं, "महिन्याला लाखाच्या आसपास." दुसरा मुद्दा चौदाव्या स्लाइडवर दडलेला असतो: स्वतः पैसे न घालता, दुसऱ्याने बसवलेल्या सोलरची वीज युनिटच्या दराने घेता येते. "आत्ता भांडवल अडकवायचं नाही" या हरकतीचं उत्तरही हेच.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी हरकत म्हणजे "मेल करा". त्यावर वाद घालू नये. "पाठवतो साहेब. तुमचाच हिशेब घालून पाठवतो, महिन्याला किती युनिट जळतात?" उत्तर दोन वाक्यांचं आणि शेवटी प्रश्न. पण छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं किंवा शेड भाड्याची निघाली, तर ती नुसती हरकत नसते. तिथे आभार मानून फोन ठेवावा.

स्क्रिप्ट कुठे चुकतेय, हे फोन कुठे तुटतो त्यावरून कळतं. पहिल्या काही सेकंदांत तुटला तर सुरुवात बदला. आकडा ऐकून तुटला तर मुद्दा बदला. एकच हरकत वारंवार आली, तर तिचं उत्तर मुद्द्यांतच आधी घाला.

आणि यादीतले नंबर डीएनडीत आहेत का, ते फोन लावण्याआधी तपासा. ट्रायच्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन साध्या मोबाइलवरून नव्हे, 140ने सुरू होणाऱ्या नोंदणीकृत क्रमांकावरून करायचे असतात.