लंडनचे ५७६ चौकोन

जून १९४४ पासून जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब लंडनवर पडू लागले. काही भागांत बॉम्बमागून बॉम्ब पडत, तर शेजारचा भाग सुखरूप राही. शत्रू ठरावीक वस्त्या हेरून मारतो आहे, असं लोकांना वाटू लागलं. ही शंका तपासली आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने. १९४६ साली त्याने त्यावर जेमतेम पानभर टिपण प्रसिद्ध केलं. दुर्मीळ घटनांचं गणित समजून घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

क्लार्कने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेतला आणि त्याचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. या भागात एकूण ५३७ बॉम्ब पडले होते. नेम कशावरच नसेल, तर एखादा बॉम्ब आपण निवडलेल्या चौकोनात पडण्याची शक्यता ५७६ मध्ये एक. असे ५३७ प्रयत्न, प्रत्येकाचा निकाल ‘पडला’ किंवा ‘नाही पडला’, प्रत्येक वेळी शक्यता तीच आणि एका बॉम्बचा दुसऱ्याशी संबंध नाही. द्विपद वितरणाला लागतं ते सगळं इथे आहे.

मात्र द्विपदाचा हिशेब किचकट होतो. चौकोन कोरा राहण्याची शक्यता काढायची तर ५७५/५७६ हा अपूर्णांक स्वतःशीच ५३७ वेळा गुणावा लागतो. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली दाखवलेली वाट सोपी आहे. तिला फक्त सरासरी लागते. ५३७ भागिले ५७६, म्हणजे दर चौकोनी ०.९३२३ बॉम्ब. कोऱ्या चौकोनाची शक्यता e चा उणे ०.९३२३ वा घात, म्हणजे ०.३९३७. तिला ५७६ ने गुणलं की २२६.७ कोरे चौकोन येतात. याला सरासरीने गुणलं की एक बॉम्ब पडलेले चौकोन मिळतात : २११.४. त्याला पुन्हा सरासरीने गुणून दोनाने भागलं की दोन बॉम्बवाले ९८.५, मग तिनाने भागून ३०.६, आणि असंच पुढे.

प्रत्यक्षात कोरे चौकोन २२९ होते. एक बॉम्ब पडलेले २११, दोन पडलेले ९३, तीन पडलेले ३५. बॉम्ब कुठल्याही वस्तीचा नेम न धरता पडत होते, या कल्पनेशी आकडे छान जुळले. लोकांना दिसलेली दाटी निव्वळ योगायोगातूनही तेवढीच झाली असती.

आता द्विपदाच्या अचूक सूत्राने कोरे चौकोन किती येतात? २२६.६. म्हणजे सोप्या वाटेने गेल्याने चौकोनाचा पाचवा हिस्साही चुकला नाही. असं का, हे नीट पाहायला हवं. पाठ्यपुस्तकं सांगतात की प्रयत्न पुष्कळ आणि शक्यता लहान असली की प्वासाँ चालतो. माझ्या मते यातली दुसरी अट खरी निर्णायक आहे. दोन्ही वितरणांनी कुठल्याही प्रश्नाला दिलेल्या उत्तरांतला फरक एकेका प्रयत्नाच्या शक्यतेपेक्षा कधीच जास्त नसतो, हे सिद्ध झालेलं आहे. इथे ती शक्यता ५७६ मध्ये एक, मग प्रयत्न पाचशे असोत की पाच लाख. प्रयत्न पुष्कळ लागतात ते एवढ्यासाठी, की इतक्या विरळ शक्यतेतूनही मोजण्याजोग्या घटना घडाव्यात. म्हणून ‘दुर्मीळ’ हे विशेषण एकेका प्रयत्नाला लावायचं, एकूण संख्येला नाही. सरासरी ५० असली तरी प्वासाँ उत्तम चालेल, जर ते ५० लाखो प्रयत्नांतून आले असतील.

याउलट दहा प्रयत्न आणि प्रत्येकी ३० टक्के शक्यता घ्या. सरासरी तीनच. एकदाही यश न येण्याची शक्यता द्विपदाप्रमाणे २.८ टक्के, प्वासाँप्रमाणे ५ टक्के, जवळपास दुप्पट. शिवाय दहा प्रयत्नांत अकरा यशं येण्यालाही प्वासाँ थोडी शक्यता देऊन बसतो, कारण प्रयत्न किती होते हे त्याला माहीतच नसतं.

तरी हाच अडाणीपणा पुष्कळदा उपयोगी पडतो. बोर्टकेविचने १८९८ साली प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू मोजले. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी आणि १२२ मृत्यू. लाथ बसण्याचे ‘प्रयत्न’ किती झाले, हे कोण सांगणार? पण सरासरी ०.६१ मिळते आणि तेवढ्यावरून मृत्यूविना गेलेल्या नोंदींचा अंदाज १०८.७ येतो. खऱ्या होत्या १०९.

शक्यता लहान असूनही गणित फसतं ते घटना एकमेकींत गुंतल्या की. डेंग्यू घ्या. एखाद्या आठवड्यात एका माणसाला तो होण्याची शक्यता अगदी थोडी. पण घरात एकाला झाला की तोच डास इतरांनाही चावतो. रुग्ण घोळक्याने येतात. हे ओळखायची खूण साधी आहे : प्वासाँमध्ये विचरण सरासरीइतकंच असतं. लंडनच्या आकड्यांत विचरण ०.९७ आणि सरासरी ०.९३, म्हणजे जवळपास सारखीच. वॉर्डवार रुग्णसंख्येत विचरण सरासरीच्या तिप्पट-चौपट निघालं, तर एक तर वॉर्डावॉर्डांतला धोकाच वेगळा आहे, किंवा एक रुग्ण दुसऱ्याला जन्म देतो आहे. तिथे प्वासाँ मोठ्या उद्रेकाची शक्यता फार कमी दाखवेल. द्विपदाकडे परतूनही उपयोग नाही, कारण त्याचं विचरण तर सरासरीहूनही कमी असतं.