निम्म्या मरणाचा आकडा

पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला मारायला किती डायक्लोफेनॅक पुरते? संशोधकांचा अंदाज आहे, वजनाच्या दर किलोमागे 0.098 ते 0.225 मिलिग्रॅम. या गिधाडाचे वजन साधारण साडेचार किलो असते. म्हणजे अर्धा ते एक मिलिग्रॅम औषध. गुडघेदुखीवर घेतली जाणारी 50 मिलिग्रॅमची एक गोळी वाटून दिली, तर पन्नास गिधाडांना एकेक मात्रा पुरेल आणि त्यांतली निम्मी तरी दगावतील.

‘निम्मी’ हा शब्द इथे सहज आलेला नाही. विषशास्त्रात ज्याला एलडी-50, म्हणजे मध्यम घातक मात्रा म्हणतात, तिचा अर्थच हा आहे: चाचणीतल्या प्राण्यांपैकी निम्मे ज्या मात्रेला मरतात, ती मात्रा. 1927 मध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. डिजिटॅलिस आणि इन्सुलिनसारख्या औषधांची ताकद दर घाण्याला वेगळी निघत असे आणि ती मोजायला भरवशाचे माप हवे होते.

पण निम्मेच का? पहिला प्राणी मरतो ती मात्रा का नको, किंवा सगळे मरतात ती का नको? याचे उत्तर चाचणीच्या रचनेत आहे. प्राण्यांचे सारखे गट करतात. एका गटाला विष देत नाहीत, फक्त ते ज्यात मिसळायचे ते तेल किंवा पाणी देतात. हा नियंत्रण गट. त्यातच प्राणी मरू लागले, तर दोष विषाचा नसून पाण्याचा, खाण्याचा किंवा हाताळणीचा आहे हे कळते. माशांच्या प्रमाणित चाचणीत नियंत्रण गटातले दहा टक्क्यांहून अधिक मासे मेले, तर ती चाचणी ग्राह्य धरत नाहीत. बाकीच्या गटांना चढत्या मात्रा मिळतात. त्या बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात: 1, 2, 4, 8, 16. ठरलेल्या मुदतीनंतर प्रत्येक गटात किती मेले ते मोजतात.

आडव्या अक्षावर मात्रेचा लॉगॅरिदम आणि उभ्या अक्षावर मृत्यूचे टक्के मांडले, की इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा मिळते. हाच मात्रा-प्रतिसाद वक्र. तो दोन्ही टोकांना जवळजवळ सपाट असतो. तिथे मात्रा बरीच बदलली तरी मृत्यू फारसे बदलत नाहीत, आणि एखादा फार नाजूक किंवा फार चिवट प्राणी सगळा हिशेब फिरवू शकतो. मध्यभागी मात्र वक्र सर्वांत उभा असतो. मात्रा थोडी हलली तरी फरक लगेच दिसतो, म्हणून मोजक्या प्राण्यांवरूनही हा बिंदू बऱ्यापैकी नेमका काढता येतो. मधला आकडा निवडला तो एवढ्यासाठीच. तिथवर विष सुरक्षित आहे असे तो सांगत नाही.

वक्राचा उतारही तितकाच बोलका असतो. समजा, दोन विषांची मध्यम घातक मात्रा एकच आहे, किलोला 10 मिलिग्रॅम. पहिल्याचा वक्र उभा आहे: 8 मिलिग्रॅमला दहा टक्के प्राणी मरतात आणि साडेबाराला नव्वद टक्के. दुसऱ्याचा पसरट आहे: 1 मिलिग्रॅमला दहा टक्के आणि 100 ला नव्वद टक्के. डबीवर दोघांचा आकडा सारखाच छापला जाईल. पण नदीत थोडे थोडे झिरपणारे विष दुसऱ्या प्रकारचे असेल, तर दहाव्या हिश्श्याच्या मात्रेलाही दर दहांतला एक जीव जाईल.

आता पुन्हा गिधाडांकडे वळू. 1990 च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे भराभर कमी होत असल्याची नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी केली. आधी संशय रोगजंतूंवर होता. उलगडा 2004 मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून झाला. मेलेल्या बहुतेक प्रौढ गिधाडांच्या यकृतावर, हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाली, की पक्ष्याचे युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि असे अवयवांवर साठते. असा थर असलेल्या ज्या 25 गिधाडांची मूत्रपिंडे डायक्लोफेनॅकसाठी तपासली, त्या सगळ्यांत ते सापडले. इतर कारणांनी मेलेल्यांत ते नव्हते. मग पुन्हा निसर्गात सोडता न येणाऱ्या चार गिधाडांना मोजून औषध दिले. किलोला 2.5 मिलिग्रॅम मिळालेली दोन्ही मेली आणि 0.25 मिलिग्रॅमच्या दोघांपैकी एक मेले. पुढे अशाच मोजक्या पक्ष्यांची माहिती एकत्र करून सुरुवातीला दिलेला आकडा काढला गेला. तो एका संख्येऐवजी पल्ला म्हणून येतो, कारण नामशेष होऊ घातलेल्या पक्ष्यांचे मोठे गट मारून वक्र काढणे कोणालाही मान्य होण्यासारखे नव्हते.

उंदरांमध्ये याच औषधाची मध्यम घातक मात्रा किलोला 50 मिलिग्रॅमच्या वर आहे, म्हणजे गिधाडांच्या दोनशे पटींहून अधिक. अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर या मृतभक्षक पक्ष्यानेही किलोला 25 मिलिग्रॅम पचवले. जनावरांच्या डॉक्टरांच्या हाती हे औषध आले ते सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या भरवशावर, आणि त्या चाचण्या चुकल्या नव्हत्या. औषध दिलेले जनावर मेल्यावर ते पुढे कोण खाणार, हे मात्र त्यांत कोणी विचारलेच नव्हते.

तरीही एलडी-50 वरून एका पक्ष्याचे मरण कळते, सगळी जात का संपते ते कळत नाही. त्यासाठी विष किती जणांपर्यंत पोचते हे पाहावे लागते. एका मेलेल्या गाईवर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो, आणि एक जोडी वर्षाला एकच अंडे घालते. संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक मात्रा असली, तरी दिसलेली घट घडू शकते असे निघाले. भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली त्या सुमारास तपासलेल्या मृत जनावरांपैकी सुमारे दहा टक्क्यांत हे औषध होते. पांढऱ्या पाठीची गिधाडे पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटली, ती यामुळे.

ही बंदी 2006 मध्ये आली. मेलॉक्सिकॅम हा पर्याय गिधाडांवर तपासला गेला आणि निर्धोक निघाला. किटोप्रोफेन मात्र जनावरांना देतात तशा मात्रेतही घातक ठरले. असेक्लोफेनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. या दोन्हींवर बंदी यायला 2023 उजाडले. मधली सतरा वर्षे ती दुकानात मिळत राहिली, कारण गिधाडांवर काय होते ते औषध बाजारात आल्यावर तपासले जाते. हा क्रम उलटा व्हायला हवा. आज त्यासाठी शेकडो पक्षी मारावे लागत नाहीत. एकेका प्राण्याला मात्रा देऊन तो जगला तर पुढची वाढवायची आणि मेला तर कमी करायची, अशी चढउताराची पद्धत आता प्रमाण मानली जाते. मोठे गट मारणारी जुनी तोंडावाटे चाचणी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2002 मध्येच आपल्या यादीतून काढली. जनावरांच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाला परवाना देण्याआधी त्याची गिधाडांवरची मात्रा मोजलेली असावी, अशी अट घालणे विज्ञानाला जमण्यासारखे आहे. आता ती सरकारने घालावी.