ब्लँकेट धुताना

ऑफसेट मशीन भरधाव छापत असतं तेव्हा मशीनमन डिलिव्हरीच्या टोकाला उभा राहून छापलेला ताव उजेडात धरून रंग बघत असतो. सिलिंडर झाकलेले असतात आणि त्याचे हात त्यांच्यापासून लांब असतात. खरा धोका जॉब संपल्यावर सुरू होतो. मशीन थांबतं, झाकण उघडतं आणि ब्लँकेट धुवायला घेतलं जातं.

ऑफसेटमध्ये प्लेटवरची शाई थेट कागदावर जात नाही. ती आधी रबराच्या ब्लँकेटवर उमटते आणि तिथून कागदावर. हे ब्लँकेट एका सिलिंडरवर ताणून बसवलेलं असतं. त्याच्या एका बाजूला प्लेटचा सिलिंडर आणि दुसऱ्या बाजूला कागद दाबणारा इम्प्रेशन सिलिंडर असतो. कागदाची भुकटी आणि वाळलेली शाई ब्लँकेटवर साचली की छपाई पुसट होते, ठिपके येतात. मग चिंधीवर सॉल्व्हंट ओतून ते पुसावं लागतं. मोठ्या नव्या मशीनवर हे काम आपोआप होतं, पण आपल्याकडच्या असंख्य लहान छापखान्यांत ते आजही हातानेच चालतं. या एका कामात बोटं सिलिंडरांजवळ असतात आणि नाक वाफेजवळ.

आधी बोटांचं बघू. दोन सिलिंडर विरुद्ध दिशांना फिरत एकमेकांना भेटतात. एका बाजूने पाहिलं तर ते मधल्या फटीत वस्तू ओढून घेतात, पलीकडच्या बाजूने बाहेर ढकलतात. ओढून घेणारी बाजू घातक. कारखान्यांच्या भाषेत तिला निप पॉइंट म्हणतात. समजा मशीन ताशी ६,००० ताव छापतंय आणि सिलिंडर दर तावाला एक फेरा घेतोय. त्याचा घेर ८५ सेंटिमीटर धरला, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १४० सेंटिमीटर पळतो. काहीतरी बिनसलंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद लागतो असं धरलं, तर तेवढ्यात सिलिंडर ३५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बोटाच्या टोकापासून मोजलं तर हे अंतर कोपराच्या आसपास पोहोचतं. शिवाय थांबायचं बटण दाबलं तरी जड सिलिंडर जागच्या जागी थांबत नाही.

बहुतेक वेळा आधी बोट अडकत नाही, चिंधी अडकते. चिंधीचं लोंबणारं टोक फटीत जातं, आणि ती बोटांभोवती गुंडाळलेली असेल तर हातही तिच्यामागे जातो. सैल हातमोजा आणि शर्टाची बाही हेच करतात. म्हणून चिंधी घडी घालून, तळहातात मावेल एवढीच घ्यायची. मशीन हळू फिरतंय म्हणून घाई झाली की चालत्या सिलिंडरवर चिंधी धरायची सवय अनेक ठिकाणी आहे. वेग कमी केला तरी ओढ कमी होत नाही, हे तिथे विसरलं जातं.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. मशीन पूर्ण थांबवायचं, स्टॉपचं बटण दाबून ठेवायचं, समोर दिसणारा ब्लँकेटचा भाग पुसायचा, हात बाहेर काढायचा. मग इंचिंगचं बटण दाबून सिलिंडर थोडा पुढे घ्यायचा, पुन्हा स्टॉप, पुन्हा पुसायचं. बटण दाबणारा आणि पुसणारा माणूस एकच असला पाहिजे. एक जण पलीकडून बटण दाबतो आणि दुसऱ्याचा हात आत असतो, अशी जोडी सर्वांत धोकादायक. युरोपातल्या छपाई मशीनच्या मानकात झाकण उघडं असताना इंचिंगच्या एका दाबाला सिलिंडर साधारणपणे २५ मिलिमीटरहून जास्त सरकू नये, किंवा मिनिटाला १ मीटरहून जास्त वेगाने फिरू नये, असं बंधन आहे. बटण सोडलं की मशीन थांबलंच पाहिजे.

झाकण म्हणजे गार्ड. गार्ड उघडला की स्विच सुटतो आणि मशीन थांबतं. जुन्या, आयात केलेल्या सेकंडहँड मशीनवर हा स्विच तारेने बांधून टाकलेला किंवा त्यावर लोहचुंबक चिकटवलेला आढळतो, कारण सारखं थांबणारं मशीन कामाला अडथळा वाटतं. दिवाळी अंकांच्या गर्दीत असं बांधलेलं झाकण म्हणजे उघडा निप. तपासणी दोन मिनिटांची आहे: मशीन सर्वांत कमी वेगाने चालू ठेवून हात लांब ठेवत एकेक झाकण उचलायचं. प्रत्येक वेळी मशीन थांबलं पाहिजे, आणि झाकण बंद केल्यावर आपोआप सुरू होता कामा नये. जिथे झाकण शक्य नाही, तिथे निपच्या तोंडाशी आडवी पट्टी बसवतात. तिच्यात आणि सिलिंडरमध्ये ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, म्हणजे बोट आत जात नाही.

गार्डचा आणखी एक फायदा वर्तमानपत्रांच्या वेगवान रोटरी मशीनवर दिसतो. रोलर एकमेकांपासून सुटताना त्यांच्यामधली शाई तंतूंसारखी ताणली जाते, तंतू तुटतात आणि बारीक थेंब हवेत उडतात. हेच शाईचं धुकं. रोलर जितके गरम आणि शाई जितकी पातळ, तितकं धुकं जास्त. दिव्यांच्या काचांवर आणि मशीनच्या कठड्यांवर काळा, चिकट थर साचत असेल, तर तेच धुकं कामगारांच्या फुप्फुसांतही जात असतं. गार्ड नीट बसवले, हवा बाहेर ओढली आणि रोलर थंड ठेवले की ते बरंच कमी होतं.

वाफेची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि तिचा सर्वांत भयंकर दाखला जपानमधल्या ओसाकाचा आहे. तिथल्या एका छापखान्यात प्रूफ काढण्याचं काम चालायचं. प्रूफसाठी रंग सारखे बदलतात, त्यामुळे ब्लँकेट दिवसातून शेकडो वेळा पुसलं जायचं. खोली तळघरात होती आणि बाहेर ओढलेल्या हवेचा मोठा भाग पुन्हा आतच सोडला जात होता. पुसायला १,२-डायक्लोरोप्रोपेन हे द्रव वापरलं जायचं. त्या काळी जपानच्या कडक सॉल्व्हंट नियमांत ते नव्हतं, म्हणून त्यासाठी वेगळ्या वायुविजनाची सक्ती नव्हती. पुढे तिथल्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग होऊ लागला. सहसा म्हातारपणी होणारा हा आजार तिथे २५ ते ४५ वयात दिसला. २०१२ मध्ये प्रकरण उघडकीस आलं, २०१३ मध्ये सरकारने तो कामामुळे झालेला आजार मानला, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं.

या प्रकरणातून दोन गोष्टी नीट कळतात. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं धरता येत नाही, कारण नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं. आणि बंद खोलीत पंखा लावून काही साधत नाही, कारण तो तीच हवा फिरवत राहतो. या वाफा हवेपेक्षा जड असतात, म्हणून त्या ओढून घेणारं तोंड खाली, मशीनच्या शेजारी हवं, छताला नको.

आपल्याकडे ब्लँकेटला अनेकदा पेट्रोल किंवा रॉकेल लावतात. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते, आणि त्यात बेंझीन असतं. उच्च ज्वलनांकाचं, म्हणजे ५५ अंश सेल्सिअसच्या वर पेट घेणारं ब्लँकेट वॉश यापेक्षा बरं. ते जरा हळू वाळतं, त्यामुळे एक-दोन जास्तीची चिंधी लागते. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकायच्या, कारण वाळणाऱ्या तेलांच्या शाईने माखलेली चिंधी ढिगात आपोआप तापून पेटू शकते.

सॉल्व्हंटच्या डब्यासोबत सुरक्षा माहितीपत्रक मागता येतं. त्यात घटकांचे सीएएस क्रमांक असतात. ओसाकातल्या त्या द्रवाचा क्रमांक 78-87-5, आणि तिथे काही काळ वापरलेल्या डायक्लोरोमिथेनचा 75-09-2. यांपैकी एक जरी क्रमांक दिसला, किंवा दुकानदार पत्रकच देत नसेल, तर तो डबा परत करावा.