‘ठेवू शकाल का’ आणि ‘ठेवली तर चालेल का’

समजा, एका इंग्रजी कथेत लंडनमधल्या जुन्या इमारतीत राहणारी एक तरुण मुलगी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं दार वाजवते. दोघींची ओळख जिन्यात भेटल्यावर हसण्यापुरती. मुलगी दोन दिवस गावाला निघाली आहे, तिला घराची किल्ली कुणाकडे तरी ठेवायची आहे. ती म्हणते, ‘आय अ‍ॅम सो सॉरी टू बॉदर यू, बट कुड यू पॉसिबली कीप धिस की टिल मंडे?’

अनुवाद शिकायला येणाऱ्यांना मी हे वाक्य करायला देते. बहुतेकांच्या वहीत पहिल्यांदा असं काहीतरी उतरतं: ‘तुम्हाला त्रास दिल्याबद्दल मी खूप दिलगीर आहे, पण तुम्ही कदाचित ही किल्ली सोमवारपर्यंत ठेवू शकाल का?’ व्याकरणाची चूक दाखवता येणार नाही. पण ही मुलगी मराठी बोलत नाही, एवढं मात्र लगेच कळतं.

आधी ‘कदाचित’ काढून टाकू. ‘पॉसिबली’चा तो कोशातला अर्थ आहे, पण विनंतीत या शब्दाचं काम वेगळं असतं. मुलगी शक्यतेचा अंदाज बांधत नाही. ‘अगदीच जमण्यासारखं असेल तरच, नाहीतर राहू द्या,’ एवढं सगळं ती त्या एका शब्दात सांगते. समोरच्या बाईंना नाही म्हणायला ती एक दार उघडं ठेवते. मराठीतला ‘कदाचित’ असलं कोणतंही दार उघडत नाही. तो फक्त ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतो.

‘शकाल का’ काढायला मात्र माणसं सहज तयार होत नाहीत, कारण हल्ली तो कानावर फार पडतो. ‘तुम्ही मला मदत करू शकाल का?’, ‘आपण थोडं थांबू शकता का?’ अशी वाक्यं फोनवरच्या ग्राहकसेवेपासून शाळेच्या सूचनांपर्यंत सगळीकडे असतात. शकणे हे क्रियापद अंगातल्या कुवतीबद्दल बोलतं. साठीच्या बाईंना ‘तुम्ही ही पिशवी उचलू शकाल का?’ असं विचारून बघा. ‘म्हणजे? न उचलायला काय झालं मला?’ असं उत्तर आलं, तर त्यात त्यांची चूक नाही. इंग्रजीत ‘कुड’ विनंतीत इतका झिजला आहे की त्यातली कुवत कुणाला ऐकू येत नाही. मराठीत ती अजून ऐकू येते. खरोखर कुवतीचा किंवा शक्यतेचाच प्रश्न असेल, उदाहरणार्थ ‘डॉक्टर, तुम्ही गुरुवारी येऊ शकाल का?’, तर शकणे तिथे अगदी बरोबर बसतं.

मग मराठी माणूस अशा वेळी काय म्हणतो? दिवसभरात कानावर येणाऱ्या विनंत्या आठवा. जरा पाणी मिळेल का? सुट्टे मिळतील का? इथे बसलं तर चालेल का? उद्या सकाळी यायला जमेल का? एवढं आजच्या आज होईल का? मिळेल, चालेल, जमेल, होईल. यातल्या एकाही वाक्यात ‘तुम्ही’ कर्ता नाही. पाणी मिळतं, काम होतं, यायला जमतं. देणारा माणूस समोर उभा असतो, पण वाक्य त्याच्याकडे बोट दाखवत नाही. विचारणं चाललेलं असतं ते परिस्थितीबद्दल.

मला मराठी विनंतीचं मर्म इथे दिसतं. ‘जमेल का?’ला ‘नाही हो जमणार’ असं उत्तर देता येतं आणि त्यात कुणाचंच मन मोडत नाही, कारण नकार माणसानं दिला नाही, तो परिस्थितीनं दिला. ‘तुम्ही करणार का?’ला ‘नाही करणार’ म्हटलं, की तिथे भांडण सुरू होतं. ‘कुड यू पॉसिबली’नं उघडं ठेवलेलं दार मराठीत या चार साध्या क्रियापदांनी उघडं राहतं.

पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघांचं 1987 साली पुस्तकरूपात आलेलं सौजन्याच्या भाषेवरचं काम प्रसिद्ध आहे. इंग्रजीबरोबर त्यांनी मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ अभ्यासली होती. विनंती किती मऊ करायची हे त्यांच्या मते तीन गोष्टींवर ठरतं: दोघांमधलं अंतर, कुणाचा कुणावर किती अधिकार आहे, आणि मागणी केवढी मोठी आहे. अनुवादकाला ही तीन मापं फार उपयोगी पडतात. किल्लीच्या गोष्टीत अंतर बरंच आहे, वयाचा मान बाईंकडे आहे, मागणी मध्यम आहे. मीठ मागण्याएवढी ती लहान नाही, आणि पैसे मागण्याएवढी मोठीही नाही.

आता दुसरा डाव, काळाचा. इंग्रजीतले ‘कुड’ आणि ‘वुड’ मुळात ‘कॅन’ आणि ‘विल’ची भूतकाळी रूपं. भूतकाळ मागणीला जरा दूर नेऊन ठेवतो. मराठीही हेच करते, पण दुसऱ्या ठिकाणी. कुणाच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, ‘एक काम होतं तुमच्याकडे.’ काम आत्ता आहे, तरी ‘होतं’. ‘थोडं बोलायचं होतं’, ‘दोन हजार रुपये हवे होते’ ही वाक्यंही तशीच. ‘मला दोन हजार रुपये हवे आहेत’ ही मागणी झाली. ‘हवे होते’ म्हटलं की ती मागणी थोडी मागे सरून उभी राहते. ‘आय वॉज वंडरिंग इफ’ या इंग्रजी सुरुवातीसाठी तर मराठीत तयार मोहराच आहे: ‘म्हटलं, तुम्हाला विचारावं.’ ‘मी विचार करत होते की तुम्ही…’ असं लिहिणाऱ्यांनी हा ‘म्हटलं’ जवळ ठेवावा.

पण एक पाऊल पुढे गेलं की हाच भूतकाळ टोचायला लागतो. ‘किल्ली ठेवलीत तर बरं होईल’ ही विनंती आहे. ‘ठेवली असतीत तर बरं झालं असतं’ ही तक्रार आहे. नकारार्थी प्रश्नाचंही तसंच. इंग्रजीत ‘कुडंट यू’ कधीकधी आर्जव करतो. मराठीत ‘जरा खिडकी लावत नाही का?’ म्हटलं की समोरचा दचकून बघतो. ‘लावता का?’ आणि ‘लावत नाही का?’ यांत एका शब्दाचा फरक आहे, पण दुसऱ्यात ऐकणाऱ्यावर आरोप होतो.

‘वुड यू माइंड’ची अडचण वेगळीच. त्याचे दोन अवतार आहेत आणि दोन्हींत काम करणारा माणूस वेगळा. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी तुम्ही उघडायची. ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो’ म्हणजे ती मी उघडणार, तुमची परवानगी हवी. पहिल्याचं मराठी ‘जरा ती खिडकी उघडता का?’ आणि दुसऱ्याचं ‘खिडकी उघडू का?’ किंवा ‘उघडली तर चालेल ना?’ असं होतं. घाईत वाचणारा दोन्हींना ‘खिडकी उघडण्यास तुमची हरकत आहे का?’ करून टाकतो. मग कोण उघडणार तेही कळत नाही, आणि वाक्याला ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ या जाहीर नोटिशीचा वास येतो. हरकत हा शब्द मराठी विनंतीत येतोच, पण बहुतेकदा ‘हरकत नसेल तर’ असा कडेला उभा राहून येतो.

खरा घात उत्तरात होतो. ‘वुड यू माइंड’ला राजी असलेला माणूस ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणतो, कारण प्रश्न ‘तुम्हाला वाईट वाटेल का’ असा आहे. प्रश्नाचं छान मराठी केलं, ‘जरा माझी पिशवी धरता का?’, आणि उत्तर मात्र शब्दशः ठेवलं, ‘नाही, अजिबात नाही’, तर मदत करणारा माणूस पानावर उद्धट होऊन जातो. पुढच्या ओळीत तो पिशवी धरून उभा असतो आणि वाचक गोंधळतो. म्हणून विनंतीचा अनुवाद कधी एकटा तपासू नये. तिला जे उत्तर मिळणार, ते शेजारी लिहून बघावं. विनंती बरोबर उतरली असेल, तर ‘अहो, द्या की’, ‘त्यात काय एवढं’ अशी उत्तरं आपोआप येतात. ‘हो, मी धरू शकते’ असं उत्तर आलं, तर प्रश्न परत लिहावा.

राहिले छोटे शब्द. मराठी मऊपणाचा बराच भार यांच्यावर असतो. ‘जरा’ मागणी लहान करतो. ‘तेवढं’ तिला आणखी सोपी करतो: ‘तेवढं दार ओढून घ्या.’ आणि ‘हातासरशी’ हा तर माझा फार आवडता शब्द. ‘हातासरशी तो दिवा मालव’ म्हणताना आपण मानतो की हात तिकडे जाणारच होता. ‘कृपया’ मात्र या घरातला नाही. ‘कृपया रांगेत उभे राहावे’ इथे तो शोभतो, पण पाटीवरचा हा शब्द तोंडी आला की आवाज ध्वनिक्षेपकातून आल्यासारखा वाटतो. आणि घरात ‘कृपा करून’ म्हटलं, तर पुढे बहुधा ‘गप्प बस’ येतं.

जवळच्या माणसांत हा मऊपणा उलटाही फिरतो. आईला ‘तुला पाणी देणं जमेल का?’ विचारणारा मुलगा रुसलेला असतो. तिला तो ‘आई, पाणी दे ना’ म्हणतो. त्यातला ‘ना’ पुरतो. इंग्रजी कादंबरीतला बाप पोराला शांतपणे ‘वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो चिडलेला असतो. तिथे ‘जरा दार लावतोस का बाळा’ लिहून कादंबरी बिघडते. ‘दार लावायचे कष्ट घ्याल का?’ असं पोराला ‘तुम्ही’ म्हणून लिहिलं, की चीड पोचते.

आता परत त्या जिन्यात. पुण्यातल्या वाड्यात किंवा ठाण्यातल्या सोसायटीत हीच मुलगी असती, तर काम एका शब्दानं झालं असतं: ‘काकू’. ‘काकू, एक काम होतं. सोमवारपर्यंत ही किल्ली तुमच्याकडे ठेवू का?’ अनोळखी माणसाला नात्यात ओढून घेणं हा आपला सगळ्यात मोठा मऊपणा. पण लंडनच्या इमारतीत ‘काकू’ लिहिता येत नाही. ते खोटं होईल. जो शब्द गमावला, त्याचा भार उरलेल्या वाक्यानं उचलायला हवा. म्हणून ‘ठेवू का’च्या ऐवजी मी आणखी एक पायरी खाली उतरते, आणि ‘दिलगीर’ काढून बोलण्यातला ‘त्रास’ घेते:

‘माफ करा हं, तुम्हाला त्रास देतेय. एक काम होतं. सोमवारपर्यंत ही किल्ली तुमच्याकडे ठेवली तर चालेल का?’

कथेत त्या बाई यावर ‘नॉट अ‍ॅट ऑल, डिअर’ म्हणतात आणि हात पुढे करतात. मुलीनं ‘तुम्ही’ म्हटलं आहे. बाईंनी उलट ‘तू’ म्हणायचं की नाही, हे इंग्रजी सांगत नाही. ‘डिअर’ आहे आणि हात पुढे आला आहे, म्हणून मी ‘तू’ घेते.

‘अगं, त्यात कसला त्रास! आण इकडे.’