सातारा-सांगली परिसरातील लाडिक संबोधने

लाडिक संबोधने म्हणजे लहान मुलांना, भावंडांना किंवा मित्रांना प्रेमाने हाक मारताना वापरले जाणारे शब्द. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण मराठीत सोन्या, राजा, पिल्लू अशा सरळ कौतुकाच्या शब्दांबरोबरच मेलं, येडं, गुलाम, लेका असे शब्दही लाडाने वापरले जातात. त्यांचा कोशातील अर्थ अनुक्रमे मृत, वेडे, दास आणि मुलगा असा आहे. शब्दशः भाषांतर केल्यास यांतील बहुतेक शब्द अपमानास्पद किंवा विचित्र वाटतात. याच परिसरातील 'नकुशी' हे नाव मात्र निराळ्या वर्गात मोडते. त्याचा शब्दार्थ आणि हेतू एकच असतो.

## भौगोलिक पार्श्वभूमी

1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला. 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांच्या बोलीत बरेच साम्य आहे. सांगलीच्या पूर्वेकडील जत तालुक्यात कन्नड भाषकांची वस्ती मोठी आहे. तेथील अनेक कुटुंबांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलल्या जातात.

## नपुंसकलिंगाचा उपयोग

मराठीत मुलाला किंवा मुलीला लाडाने संबोधताना अनेकदा नपुंसकलिंगी रूप वापरतात. 'मेला' आणि 'मेली' ही रूपे तक्रारीच्या किंवा रागाच्या सुरात येऊ शकतात, परंतु 'मेलं' म्हटल्यावर समोरची व्यक्ती लहान, निरागस आणि आपली ठरते. 'येडा हाईस का?' या प्रश्नात टोचणी असते. 'माझं येडं लेकरू' या शब्दांत ती राहत नाही.

हिंदीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे भाषांतर करताना मुलगा की मुलगी हे ठरवावेच लागते आणि लाडाची खूण तेथेच पुसली जाते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंसाठीचे सर्वनाम वापरल्यास मुलाला वस्तू मानल्यासारखे वाटते. कन्नडमध्ये मात्र 'मगू' (मूल) हा शब्द नपुंसकलिंगी असून त्याचे क्रियापदही तसेच चालते. 'मूल आलं' हे मराठी वाक्य 'मगू बंतु' असे जसेच्या तसे उतरते.

## एका वाक्याचे उदाहरण

उन्हात खेळून घरी आलेल्या नातवाला आजी म्हणते, 'आलं का मेलं उन्हातनं हिंडून?' या वाक्याचा शब्दशः अर्थ 'मृत झालेले ते उन्हातून फिरून आले का?' असा होतो. मराठी न जाणणाऱ्या वाचकाला तो अशुभ वाटेल किंवा आजी मुलाचे मरण चिंतते आहे असा त्याचा समज होईल.

प्रत्यक्षात या वाक्यात तीन गोष्टी आहेत. 'आलं' हे नपुंसकलिंगी क्रियापद लाड दाखवते. 'मेलं' या शब्दात उन्हात हिंडल्याबद्दलची नाराजी आहे. पूर्ण वाक्य प्रश्नाच्या रूपात असल्यामुळे मूल सुखरूप परतल्याचा दिलासाही त्यातून कळतो. 'मृत' हा अर्थ बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात येत नाही.

अशा वाक्याचे भाषांतर करताना समान शब्दार्थापेक्षा समान वापर असलेला शब्द शोधावा लागतो. जुन्या हिंदी-उर्दू बोलीत, विशेषतः स्त्रियांच्या बोलण्यात, 'मुआ' आणि 'मुई' असे शब्द आढळतात. त्यांचाही मूळ अर्थ 'मेलेला' आणि 'मेलेली' असाच असून ते चिडून किंवा थट्टेने वापरले जात. तेथे 'मुआ' चालतो, 'मृत' चालत नाही. इंग्रजीत असा रूढ शब्द नसल्यामुळे तेथे लबाड किंवा खट्याळ या अर्थाचा शब्द योजणे अधिक योग्य ठरते.

## नात्याचे शब्द

'लेका' हे 'लेक' या शब्दाचे संबोधन आहे. आई-वडिलांनी मुलाला 'लेका' म्हटल्यास तो निव्वळ लाड असतो. दोन समवयस्क मित्रांत 'अरे लेका' ही सलगीची हाक ठरते. हाच शब्द वयाने मोठ्या किंवा अपरिचित माणसाला वापरल्यास अपमान होतो, कारण परक्याला आपला मुलगा म्हणण्यात त्याच्या आईविषयीची सूचना दडलेली असते. कन्नडमधील 'मगने' (मुला) या शब्दाची स्थिती अशीच आहे. घरात तो प्रेमाचा असतो, मात्र भांडणात 'नन्न मगने' (माझ्या मुला) ही शिवी होते.

उलट दिशेनेही नात्यांची नावे वापरली जातात. लहान मुलाला 'बाबा' आणि मुलीला 'बाय' किंवा 'माझे आई' म्हणतात. कन्नड घरांतही मुलाला 'अप्पा' आणि मुलीला 'अव्वा' म्हणण्याची रीत असल्यामुळे ही संबोधने या दोन भाषांत सहज उतरतात. इंग्रजीत आईने तान्ह्या मुलाला 'वडील' म्हटलेले वाचकाला चुकीचे वाटते.

## दृष्ट टाळण्यासाठी ठेवलेली नावे

पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत तेथे पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू किंवा कचरू असे नाव ठेवत. दगड किंवा केर कोणाला हवासा वाटत नाही, त्यामुळे मुलाला दृष्ट लागणार नाही, अशी यामागची समजूत होती. मूल अत्यंत हवे असल्यामुळेच ते नकोसे असल्याचे नाटक केले जाई.

तथापि केवळ नावावरून कारण ठरवता येत नाही. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत. अशा नावामुळे सामाजिक प्रतिष्ठेला बाध येत नसे. भारतरत्न धोंडो केशव कर्वे यांचे नाव हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

## नकुशी

'नकुशी' किंवा 'नकुसा' म्हणजे नको असलेली. मुलगा हवा असताना मुलीवर मुली झाल्यास शेवटच्या मुलीला हे नाव ठेवत. यानंतर मुलगी होऊ नये, अशी त्यामागची अपेक्षा असे. वरवर पाहता हे नाव दगडू-धोंडूसारखे वाटते. परंतु दगडू या नावात नकोसेपणाचे सोंग असते, तर नकुशी या नावात तो खरा असतो. म्हणूनच या नावाचे भाषांतर केल्यावर अर्थ बिघडत नाही. तो जसाच्या तसा उघड होतो.

घरात रोजच्या वापराने ही हाक प्रेमळ होऊ शकते. मात्र शाळेच्या हजेरीपटावर तेच नाव मोठ्याने वाचले जाते आणि मुलीला त्याचा अर्थ समजतो. 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा येथे झालेल्या कार्यक्रमात जिल्ह्यातील 285 मुलींना नवी नावे व त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. यांतील अनेक नावे मुलींनी स्वतः निवडली होती.

## लाड आणि अपमान यांतील भेद

एखादे संबोधन लाडाचे आहे की अपमानाचे, हे पुढील खुणांवरून बहुधा ओळखता येते:

* शब्द नपुंसकलिंगी आहे का, किंवा त्याआधी 'माझं' येते का.
* बोलणारी व्यक्ती वयाने मोठी किंवा बरोबरीची आणि जवळच्या नात्यातील आहे का.
* हाक घरात मारली जाते की चारचौघांत.
* ज्याला हाक मारली त्याने ती स्वीकारली आहे का.

यांतील शेवटची खूण निर्णायक असते. मूल मोठे झाल्यावर त्याला तीच हाक खटकू लागली, तर बोलणाऱ्याचा हेतू न बदलताही ती लाडाची राहत नाही.