निश्चयकाची किंमत, विस्ताराविना

चौरस मांडणीतल्या संख्यांपासून ठरावीक नियमाने मिळणारी एकच संख्या म्हणजे त्या मांडणीचा निश्चयक. दहावीच्या बीजगणितात, क्रेमरच्या पद्धतीत, तो दोन ओळींचा असतो आणि दोन कर्णांच्या गुणाकारांची वजाबाकी केली की किंमत हाती येते. ओळी वाढल्या की विस्तार झपाट्याने फुगतो. तीन ओळींना ६ पदे, चार ओळींना २४ आणि दहा ओळींना ३६,२८,८०० पदे होतात.

एका प्रकारच्या निश्चयकाला मात्र विस्तार लागतच नाही. मुख्य कर्णाखालच्या सर्व जागी शून्ये असली, म्हणजे मांडणी त्रिकोणी असली, की कर्णावरच्या संख्यांचा गुणाकार हीच किंमत असते. म्हणून कोणताही निश्चयक त्रिकोणी रूपात आणायचा आणि वाटेत किंमत कशी बदलली याची नोंद ठेवायची, एवढेच काम उरते.

ही नोंद तीन नियमांवर चालते. दोन ओळींची अदलाबदल केली की किंमतीचे चिन्ह बदलते. एका ओळीतील सर्व संख्यांना एकाच संख्येने गुणले की किंमतही तितक्याच पट होते, म्हणून ओळीतला सामाईक अवयव बाहेर काढून ठेवता येतो. एका ओळीत दुसऱ्या ओळीची कोणतीही पट मिळवली किंवा वजा केली, तर किंमत बदलत नाही.

तिसऱ्या नियमाचे कारण पहिल्या दोन नियमांत बरेचसे दडलेले आहे. दोन ओळी तंतोतंत सारख्या असतील तर त्यांची अदलाबदल करूनही मांडणी तीच राहते, पण चिन्ह मात्र बदलायला हवे. आपल्याच उलट चिन्हाइतकी असणारी संख्या शून्यच असते, म्हणून असा निश्चयक शून्य होतो. आता एखादी ओळ दोन ओळींची बेरीज असेल, तर निश्चयकही दोन निश्चयकांच्या बेरजेत फुटतो. तिसऱ्या ओळीत पहिलीची पट मिळवली, तर त्यांतला एक निश्चयक मूळचाच असतो. दुसऱ्यात, ती पट बाहेर काढल्यावर, पहिली आणि तिसरी ओळ सारखी होते, आणि तो शून्य ठरतो.

पुढील उदाहरणात तिन्ही नियम लागतात.

```
०  २  १  ३
३  ६  ०  ३
२  ६  १  ४
३  ६  ४  ८
```

दुसऱ्या ओळीत ३ हा सामाईक अवयव आहे. तो बाहेर काढला की ती ओळ १, २, ०, १ अशी होते. डावीकडे वर शून्य असल्याने पहिल्या स्तंभातल्या इतर संख्या घालवता येत नाहीत, म्हणून पहिली व दुसरी ओळ बदलायची. बाहेरचा गुणक आता −३ झाला. मग तिसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि चौथीतून पहिलीची तिप्पट वजा करायची.

```
१  २  ०  १
०  २  १  ३
०  २  १  २
०  ०  ४  ५
```

तिसरीतून दुसरी ओळ वजा केली की तिसरी ०, ०, ०, −१ अशी उरते. तिसरी व चौथी ओळ बदलली की मांडणी त्रिकोणी होते आणि चिन्ह पुन्हा बदलून बाहेरचा गुणक ३ होतो. कर्णावर १, २, ४, −१ आहेत आणि त्यांचा गुणाकार −८ आहे. म्हणून निश्चयकाची किंमत ३ × (−८) = −२४.

चुका बहुधा नोंदीतच होतात. अपूर्णांक टाळण्यासाठी तिसऱ्या ओळीच्या जागी ‘तिसरीची दुप्पट वजा पहिली’ लिहिले, तर तिसरी ओळ स्वतःच दुप्पट झालेली असते आणि शेवटी २ ने भागावे लागते. पट फक्त वजा होणाऱ्या ओळीची घ्यायची, बदलणाऱ्या ओळीची नाही. दुसरी चूक एकाच वेळी दोन ओळी बदलण्याची. पहिलीतून दुसरी आणि दुसरीतून जुनी पहिली वजा केली, तर दोन्ही ओळी केवळ चिन्हाने वेगळ्या उरतात आणि कोणत्याही निश्चयकाची किंमत खोटीच शून्य येते. प्रत्येक पायरीत आधीच्या पायरीतल्या ताज्या ओळी वापरल्या की हा दोष राहत नाही. तिसरी चूक सामाईक अवयवाची. चार ओळींच्या मांडणीतील प्रत्येक संख्या दुप्पट केली, तर दुपटीचा गुणक प्रत्येक ओळीतून एकदा बाहेर येतो आणि किंमत १६ पट होते.

मांडणीत अक्षरे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. x − १ ने भागून शून्य तयार करायचे असेल, तर x = १ ही स्थिती वेगळी तपासावी लागते. संख्यांच्या बाबतीत मात्र दहा ओळींचा निश्चयकही या रीतीने सुमारे ३४० गुणाकार-भागाकारांत सुटतो.