झेंड्याचा खांब सावलीने मोजताना

समजा, सकाळी शाळेच्या मैदानात १ मीटरची काठी उभी केली आणि तिची सावली ८० सेंटीमीटर भरली. त्याच वेळी झेंड्याच्या खांबाची सावली भरली ४.८० मीटर. मग खांब किती उंच? यावर काही मुलं झटकन ‘५ मीटर’ म्हणून मोकळी होतात. त्यांचा हिशेब सरळ असतो: काठी सावलीपेक्षा २० सेंटीमीटरने मोठी, तर खांबही २० सेंटीमीटरने मोठा.

या बेरजेच्या हिशेबाची तपासणी फळ्यापेक्षा मैदानात चांगली होते. शेजारी ५० सेंटीमीटरची काठी रोवली, तर सावली ४० भरते. म्हणजे फरक फक्त १०. काठी २५ची घेतली तर सावली २० आणि फरक ५. फरक टिकत नाही. उंचीला सावलीने भागलं, की उत्तर मात्र दर वेळी १.२५ येतं. म्हणून खांब ४.८० गुणिले १.२५, म्हणजे ६ मीटर.

असं का होतं? सूर्य इतका दूर आहे, की त्याचे किरण मैदानावर जवळजवळ समांतर पोहोचतात. त्यामुळे काठी असो वा खांब, बुंध्याशी काटकोन आणि सावलीच्या टोकाशी तोच एक कोन. दोन कोन जुळले, की कोको कसोटीनुसार त्रिकोण समरूप होतात आणि संगत बाजू प्रमाणात येतात.

हेच वहीत काढून पाहता येतं. काठीसाठी १० सेंटीमीटर उभी आणि ८ सेंटीमीटर आडवी रेघ घेऊन त्रिकोण पूर्ण केला, की सावलीच्या टोकाचा कोन साधारण ५१ अंश भरतो. आता १ सेंटीमीटर म्हणजे १ मीटर हे प्रमाण धरून ४.८ सेंटीमीटरचा पाया काढायचा, एका टोकाला ५१ अंशांचा कोन आणि दुसऱ्या टोकाला लंब. लंब सहाच्या अगदी जवळ येतो. थोडी तूट राहते, कारण कोनमापकावर अंशाचा अपूर्णांक वाचता येत नाही.

मैदानात घोळ होतो तो बहुधा काठीमुळे. ती सूर्याकडे ५ अंश जरी कलली, तरी सावली ८०ऐवजी सुमारे ७१ सेंटीमीटर भरते आणि खांब पावणेसात मीटरचा निघतो. म्हणून काठीला ओळंबा लावून बघावा. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजाव्यात, कारण सूर्य थांबत नाही. भरदुपारी, विशेषतः उन्हाळ्यात, सावली इतकी आखूड होते की एका सेंटीमीटरची चूकही उत्तर बिघडवते.

खांबाच्या सावलीचं टोक पुसट दिसतं. सूर्य हा बिंदू नसून तबकडी असल्याने तिथे काही सेंटीमीटरचा धूसर पट्टा पडतो; त्याचा मध्य धरावा. वडासारखं पसरट झाड मात्र सुरुवातीला नको. त्याच्या सावलीची कड शेंड्याची नसून बाजूच्या फांदीची असू शकते.